बैठकीच्या रेकॉर्डिंगमधून ‘काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत’ कसं काढायचं?

व्हिडिओत पडद्यावर जे भराभर पुढे गेलं, ते इथे सावकाश लिहिलंय. शेजारी वही किंवा शीट उघडी ठेवून वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

विषय छोटा आहे. तुमच्या टीमची बैठक मोबाईलवर किंवा ऑनलाइन झाली, रेकॉर्डिंग आहे, पण पुन्हा बसून चाळीस मिनिटं कुणी ऐकत नाही. म्हणून आधी बोलण्याचा मजकूर करून घ्यायचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, आणि त्यातून एक पानाचा सारांश काढायचा. त्या पानावर तीनच गोष्टी हव्यात: काय ठरलं, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

यातला अवघड भाग मजकूर मिळवणं हा नाही. अवघड भाग आहे आपली बोलण्याची पद्धत. मराठीत आपण काम कुणाच्याही गळ्यात न घालता अगदी सहज बोलू शकतो. ‘ते करायला पाहिजे’, ‘होऊन जाईल’, ‘आपण बघू’. बैठकीत हे ऐकताना वाटतं की काम ठरलं. मजकुरात वाचलं की दिसतं, करणारा कुणीच नाही.

नमुन्याची बैठक

समजण्यासाठी एक बनवलेलं उदाहरण घेऊ. बेल्हे परिसरात कांद्याची प्रतवारी आणि पॅकिंग करणारी पाच जणांची टीम आहे. कारभार अण्णांकडे, हिशोब ताईंकडे, चाळ आणि पॅकिंग भाऊंकडे, गाड्या मामांकडे, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं वहिनींकडे. एक जण आळेफाट्याला, एक आण्याकडे, बाकीचे बेल्ह्यात, म्हणून बैठक ऑनलाइन. दिवस गुरुवार, १२ मार्च २०२६. बैठक ४१ मिनिटांची.

एवढ्या वेळात साधारण चार-पाच हजार शब्द बोलले जातात. शेवटी आपल्या पानावर यायचे आहेत दीडशे-दोनशे.

पायरी १ : मजकूर मिळवा, पण वेळेसकट

मजकूर करून देणारी साधनं बरीच आहेत. निवडताना तीन गोष्टी बघा: त्यात मराठी आहे का, प्रत्येक ओळीला वेळ लागते का, आणि बोलणाऱ्याचं नाव लागतं का.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गूगल डॉक्समध्ये `Tools > Voice typing` उघडायचं, भाषा मराठी निवडायची आणि रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायचं. फुकट आहे, पण वेळ लागत नाही, नावं लागत नाहीत आणि विरामचिन्हं जवळपास नसतातच. दहा मिनिटांच्या बोलण्याला ठीक आहे. चाळीस मिनिटांच्या बैठकीत एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं झालं तर ते शोधायचं कुठे, हा प्रश्न पडतो.

दुसरा मार्ग व्हिस्पर. हा मोफत प्रोग्राम स्वतःच्याच कॉम्प्युटरवर चालतो, त्यामुळे तुमचे भाव आणि गिऱ्हाइकांची नावं बाहेर कुठे जात नाहीत. व्हिस्पर आणि त्याला लागणारं `ffmpeg` बसवायला एकदा जाणकाराची मदत घ्या. नंतर आज्ञा एवढीच:

```
whisper baithak.mp4 --language mr --model medium --task transcribe --output_format srt
```

यातलं `--language mr` विसरू नका. भाषा सांगितली नाही तर तो पहिल्या ३० सेकंदांवरून स्वतःच अंदाज बांधतो. सुरुवातीला ‘हॅलो, ऑडिओ क्लिअर आहे का’ असंच बोलणं असेल तर मराठी सोडून भलत्याच भाषेत मजकूर तयार होऊ शकतो. साध्या लॅपटॉपवर हे काम बैठकीच्या लांबीपेक्षा जास्त वेळ घेतं, म्हणून रात्री लावून ठेवलेलं बरं.

हाती जी फाइल येते ती नोटपॅडमध्ये उघडते आणि अशी दिसते:

```
214
00:14:30,000 --> 00:14:36,000
गाडीचं काय परवा माल निघायला पाहिजे
```

मधली ओळ म्हणजे वेळ. हे वाक्य चौदाव्या मिनिटाला, तिसाव्या सेकंदाला सुरू झालं. हीच ओळ आपल्या सगळ्यात कामाची आहे, कारण शंका आली की थेट त्या जागी जाऊन ऐकता येतं.

व्हिस्पर बोलणाऱ्याचं नाव लावत नाही. ऑनलाइन बैठकीची काही साधनं लावतात, पण ती खात्याचं नाव लावतात. एका फोनभोवती तिघं बसले असतील तर तिघांचंही बोलणं एकाच नावावर जातं. म्हणून बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव एकदा बोलावं. आवाज ओळखायला तेवढं पुरतं. रेकॉर्डिंग सुरू आहे हेही तेव्हाच सगळ्यांना सांगून टाका.

पायरी २ : क्रमाने वाचू नका, विषयाने वाचा

मजकूर वरून खाली वाचत सारांश लिहायला घेतला की हमखास चूक होते. बैठकीत विषय निघतो एकदा आणि संपतो भलतीकडेच. आपल्या बैठकीतल्या पिशव्यांचंच बघा:

> ०६:१० अण्णा: पाच किलोच्या पिशव्या हजार घेऊ.
> ०६:२२ भाऊ: हजारात भागत नाही, दीड हजार लागतील.
> ०६:४० ताई: अहो, मागच्या चारशे पडून आहेत की.

इथे चहा आला आणि विषय गाडीवर गेला. फक्त एवढंच वाचणारा माणूस ‘दीड हजार पिशव्या घ्यायच्या’ असं लिहून मोकळा होईल. पण बावीस मिनिटांनी:

> २८:०५ अण्णा: मग पिशव्या हजारच. मागच्या आहेत त्या आधी वापरा.
> २८:११ भाऊ: चालेल. मी उद्या ऑर्डर टाकतो.

निर्णय हा आहे. त्यामुळे पद्धत अशी ठेवा. आधी बैठकीतले विषय एका कागदावर लिहा: पिशव्या, गाडी, भाव, बाकी पैसे. मग एकेक विषय `Ctrl+F` ने शोधा आणि त्याच्या सगळ्या ओळी वेळेसकट एकाखाली एक आणा. शेवटची ओळ काय म्हणते ते बघा, आणि त्यानंतर कुणी हरकत घेतली का तेही बघा.

शोधताना पूर्ण शब्द टाकू नका. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं. ‘पिशवी’ शोधलंत तर ‘पिशव्या’ आणि ‘पिशव्यांचं’ सापडणार नाही. ‘पिशव’ एवढंच टाकलंत तर तिन्ही सापडतात. ‘गाडी’ऐवजी ‘गाड’, ‘पैसे’ऐवजी ‘पैश’ आणि ‘पैस’ असं दोनदा शोधा. आणि लोक विषयाचं नाव न घेताही बोलतात, ‘त्याचं काय झालं?’ एवढंच. म्हणून शोधून झाल्यावर शेवटची दहा मिनिटं मात्र सलग वाचाच. बरेचसे निर्णय तिथे पक्के होतात किंवा मोडतात.

पायरी ३ : जबाबदारी त्याचीच, ज्याने ‘मी’ म्हटलं

आता प्रत्येक कामासमोर नाव लिहायचं. नियम एकच: त्या माणसाने स्वतः ‘मी करतो’, ‘मी करते’ म्हटलेलं असावं, किंवा नाव घेऊन विचारल्यावर ‘हो’ म्हटलेलं असावं. यापेक्षा कमी काही असेल तर नाव लिहायचं नाही.

भाऊ म्हणाले, ‘मी उद्या ऑर्डर टाकतो.’ नाव लिहा. मामांचं बघू:

> १४:३० अण्णा: गाडीचं काय? परवा माल निघायला पाहिजे.
> १४:३६ मामा: गाडी बघतो मी.
> १४:४० ताई: मामा, भाडंही ठरवून घ्या.
> १४:४४ मामा: हो.

इथे ‘मी’ आहे, म्हणून नाव मामांचंच. पण ‘बघतो’ म्हणजे ‘करतो’ नव्हे. आपल्याकडे ‘बघतो’मध्ये प्रयत्नापासून सभ्य नकारापर्यंत सगळं मावतं. सारांशात काम असं लिहा: ‘गाडी आणि भाडं ठरवणे: मामा. गाडी मिळाली की नाही ते कळवायचं आहे.’ म्हणजे गाडी मिळाली नाही तरी निदान आदल्या दिवशी कळेल.

आता या बैठकीतली सगळ्यात महागडी जागा:

> ३३:५० अण्णा: त्या मागच्या पट्टीचे पैसे राहिलेत, अडतीस हजार. आणायला पाहिजेत ते.
> ३३:५८ ताई: हो ना, आणायलाच पाहिजेत.
> ३४:०२ मामा: होऊन जाईल. आपण जाऊ एकदा.

तिघंही बोलले, तिघांचंही एकमत आहे आणि पैसे आणायला जाणार कुणीच नाही. ‘पाहिजेत’मध्ये माणूस नाही. ‘होऊन जाईल’मध्ये तर काम आपलं आपणच होतंय. आणि ‘आपण’ हा शब्द सगळ्यात फसवा. त्याचा अर्थ ‘मी आणि तुम्ही’ होतो, मान देऊन बोलताना नुसतं ‘तुम्ही’ होतो, आणि बऱ्याचदा ‘कुणीतरी’ एवढाच होतो.

इथे सारांश लिहिणाऱ्याला मोह होतो. हिशोब ताईंकडे आहे, तर ताईंचं नाव टाकून देऊ. तसं करू नका. ताईंनी जायचं कबूल केलेलं नाही. तुम्ही नाव टाकलंत तर बैठकीत न झालेला निर्णय तुम्ही परस्पर केलात, आणि पंधरा दिवसांनी ताई म्हणतील, ‘मला कुणी सांगितलं होतं?’ त्यांचं बरोबरच असेल. अशा जागी स्पष्ट लिहा: जबाबदारी ठरलेली नाही. सारांशातली ही ओळ लाजिरवाणी नाही. ते अडतीस हजार परत येण्याची शक्यता त्या ओळीमुळेच वाढते.

पायरी ४ : आकडे आणि ‘नाही’ पुन्हा ऐका

मजकूर करणारं यंत्र गप्पांमध्ये चुकलं तर फारसं बिघडत नाही. आकड्यात चुकलं तर पैसे जातात. मराठी आकडे त्याला दोन ठिकाणी अडवतात. पहिलं ठिकाण म्हणजे सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे. दुसरं म्हणजे एकसारखे ऐकू येणारे आकडे: सात आणि साठ, बावीस आणि बत्तीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर.

मजकुरात ही ओळ आली होती:

```
00:22:20,000 --> 00:22:26,000
अडीचशे परवडत नाही तीनशे सांगा
```

रेकॉर्डिंगवर बाविसाव्या मिनिटाला जाऊन ऐकलं तर ताई म्हणतात ‘पावणेतीनशे सांगा’. एक शब्द गळला आणि भाव पंचवीस रुपयांनी बदलला. त्यापुढचं बोलणं असं आहे:

> २२:२८ वहिनी: पावणेतीनशे सांगून बघते. नाहीतर अडीचशेवर यायचं का?
> २२:३५ अण्णा: अडीचशेच्या खाली नको.

इथे आणखी दोन सापळे आहेत. वहिनींच्या वाक्यातला शेवटचा ‘का’ गळला तर प्रश्नाचा निर्णय होतो. आणि अण्णांचा ‘नको’ नीट ऐकू आला नाही तर अर्थ उलटा होतो. म्हणून आकडा, तारीख आणि ‘नाही, नको, का’ असलेली प्रत्येक ओळ कानाने तपासायची. पूर्ण बैठक ऐकायची नाही, फक्त त्या जागा. वेळेच्या दहा सेकंद आधीपासून लावा, म्हणजे संदर्भ कळतो. एक्केचाळीस मिनिटांच्या बैठकीत अशा जागा पंधरा-वीस निघतात.

आकड्यासोबत एककही लिहा. आपल्याकडच्या बाजारात कांद्याचा भाव दहा किलोवर बोलतात, बाहेरचं गिऱ्हाईक किलोवर किंवा क्विंटलवर बोलतं. बैठकीत सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणी म्हणत नाही. पानावर मात्र ‘२७५ रुपये, १० किलोला’ असंच हवं.

एक खूण लक्षात ठेवा. मजकुरात एकच वाक्य चार-पाच वेळा लागोपाठ आलं, किंवा कुणी न बोललेलं ‘धन्यवाद’ मध्येच दिसलं, तर त्या जागी बहुतेक शांतता किंवा नुसता आवाज असतो आणि यंत्राने मजकूर स्वतःच भरलेला असतो. अशी जागा आधी ऐका, मगच वापरा किंवा काढा.

पायरी ५ : ‘परवा’ची तारीख करा

मराठीत ‘परवा’ पुढचाही असतो आणि मागचाही. ‘परवा माल निघायला पाहिजे’ हा पुढचा, ‘परवा पैसे दिले’ हा मागचा. क्रियापदावरून कळतं, पण सारांशात नुसतं ‘परवा’ राहिलं तर वाचणारा आपल्या वाचण्याच्या दिवसापासून मोजतो.

म्हणून बैठकीच्या तारखेपासून मोजून प्रत्येक ठिकाणी वार आणि तारीख लिहा. बैठक गुरुवारी १२ मार्चला, म्हणजे ‘उद्या’ शुक्रवार १३, ‘परवा’ शनिवार १४. ‘बाजार झाल्यावर’ असं कुणी म्हटलं तर बेल्ह्याचा बाजार सोमवारी, म्हणून १६ मार्चनंतर. पण गावागावाचा बाजार वेगळ्या वारी असतो. बोलणारा कुठल्या बाजाराबद्दल बोलतोय याची खात्री करा.

वहिनी गिऱ्हाइकाला भाव कधी सांगणार हे बैठकीत कुणी बोललंच नाही. तिथे अंदाजाने तारीख टाकू नका. ‘तारीख ठरलेली नाही’ असं लिहा.

पायरी ६ : पान तयार करा आणि पाठवा

शीटमध्ये नोंद अशी दिसेल:

| काम | जबाबदारी | कधीपर्यंत | रेकॉर्डिंगमधली वेळ |
|---|---|---|---|
| ५ किलोच्या १००० पिशव्यांची ऑर्डर | भाऊ | शुक्र. १३ मार्च | २८:११ |
| गाडी आणि भाडं ठरवून कळवणे | मामा | माल शनि. १४ मार्चला निघणार, त्याआधी | १४:३६ |
| गिऱ्हाइकाला २७५ रु. (१० किलो) भाव सांगणे | वहिनी | ठरलेली नाही | २२:२८ |
| मागच्या पट्टीचे ३८,००० रु. आणणे | ठरलेली नाही | ठरलेली नाही | ३३:५० |

शेवटचा रकाना काढून टाकू नका. उद्या कुणी म्हणालं ‘मी असं बोललोच नव्हतो’, तर वाद घालायची गरज नाही. वेळ सांगा, त्यांनाच ऐकू द्या.

निर्णय आणि काम वेगळे ठेवा. ‘अडीचशेच्या खाली जायचं नाही’ हे काम नाही, ती मर्यादा आहे. ती करून संपत नाही, लक्षात ठेवावी लागते. एकाच यादीत टाकलीत तर हरवते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तक्ता नीट दिसत नाही, म्हणून तिथे ओळी करून पाठवा. दोन बाजूंनी फुली टाकली की शब्द ठळक होतो:

```
*बैठक: गुरुवार १२ मार्च २०२६*

*ठरलं*
- नव्या पिशव्या १०००. शिल्लक ४०० आधी वापरायच्या.
- भाव २७५ सांगायचा. २५० च्या खाली नाही (१० किलो).

*कामं*
- भाऊ: पिशव्यांची ऑर्डर, शुक्र. १३
- मामा: गाडी व भाडं, शनि. १४ च्या आधी कळवणे
- वहिनी: भाव सांगणे, तारीख?

*कुणाकडेच नाही*
- मागच्या पट्टीचे ३८,००० रु. कोण जाणार?

ज्यांचं नाव आहे त्यांनी "हो" लिहा. चुकलं असेल तर आजच सांगा.
```

नुसता अंगठा पुरेसा समजू नका. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असा होतो. ‘हो’चा अर्थ ‘मी करतो’ असा होतो. आणि ‘कुणाकडेच नाही’ हा भाग मेसेजच्या तळाशी प्रश्न म्हणूनच ठेवा. विधानाला कुणी उत्तर देत नाही, प्रश्नाला कुणीतरी देतं.

हे पान कुठे पुरत नाही

तुमची नोंदणी झालेली कंपनी असेल आणि बैठक संचालक मंडळाची असेल, तर व्हॉट्सॲपवरचा हा सारांश म्हणजे कायद्याचं इतिवृत्त नव्हे. कंपनी कायद्याप्रमाणे बैठकीनंतर ३० दिवसांत इतिवृत्त नोंदवहीत जावं लागतं आणि त्यावर सही लागते. आपलं पान ते लिहायला कच्चा माल म्हणून चांगलं उपयोगी पडतं, एवढंच.

तसंच, रेकॉर्डिंग बंद झाल्यावर फोनवर जे ठरलं ते या पानात येणार नाही. ते ठरवणाऱ्याने ग्रुपवर एका ओळीत, तारखेसकट लिहावं.

या आठवड्याचा सराव

तुमच्या मागच्या बैठकीचा मजकूर घ्या आणि त्यात पाच शब्द शोधा: ‘आपण’, ‘पाहिजे’, ‘बघू’, ‘होईल’, ‘परवा’. प्रत्येक जागेसमोर लिहा: हे कोण करणार होतं, आणि झालं का? ज्या कामासमोर नाव लिहिता येणार नाही, ते काम पुढच्या बैठकीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घ्या. आणि बोलताना ‘आपण बघू’ ऐकू आलं की तिथेच थांबून विचारा, ‘आपण म्हणजे कोण?’ तेवढा एक प्रश्न विचारायची सवय लागली की मजकुरातून नाव शोधायचं काम निम्मं होतं.